प्रॅक्टिकल परीक्षेआधी: बेसिनमध्ये काय जाणार नाही, त्याची तयारी

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला आठवडा उरला की आमच्या प्रयोगशाळेत क्षारांच्या बाटल्या भरणं, ब्युरेट तपासणं, परीक्षानळ्या मोजणं सुरू होतं. या तयारीच्या यादीत मी काही वर्षांपूर्वी एक पान वाढवलं. मुलांनी प्रयोग केल्यावर उरतं ते कुठे जाणार, हे ते पान. सांगलीतल्या इतर शाळांच्या आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांना ते उपयोगी पडेल म्हणून जसं करतो तसं लिहितो.

आधी आकडा बघा, कारण पुढची सगळी धडपड त्याच्यामुळे आहे. समजा क्षार पृथक्करणात वीस मुलांना लेड नायट्रेट आलं आणि प्रत्येकाने एक ग्रॅम वापरलं. वीस ग्रॅम लेड नायट्रेटमध्ये साडेबारा ग्रॅम शिसं असतं. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. म्हणजे ‘भरपूर पाणी सोडून द्या, पातळ होईल’ या सल्ल्याप्रमाणे वागायचं तर सव्वा लाख लिटर पाणी ओतावं लागेल. दहा हजार लिटरचे साडेबारा टँकर. आणि इतकं ओतूनही शिसं तेवढंच राहतं, फक्त पसरतं. शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत मिसळत आलंय हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. आपलं बेसिन त्याच वाटेवर आहे.

आता तयारी. बॅच सुरू होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक टेबलाच्या टोकाला प्लास्टिकच्या घमेल्यात तीन डबे ठेवा. डबा फुटला किंवा कलंडला तर सांडलेलं घमेल्यात राहतं. पहिला डबा आम्लाचा, दुसरा धातूंचा, तिसरा द्रावकांचा. जाड पॉलिथिनचे पाच लिटरचे कॅन आम्ल आणि धातूंसाठी चालतात. द्रावकांसाठी रसायन ज्यात आलं त्याच प्रकारची रिकामी काचेची बाटली बरी. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटल्या अजिबात नकोत. उन्हाळ्यात कोणीतरी तहानेने तोंडाला लावेल ही भीती खरी आहे. लेबल आदल्या दिवशीच चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरात, तारखेसह. ओतून झाल्यावर लेबल लावू म्हटलं की ते कधीच लागत नाही, आणि बिनलेबलाचा कॅन पुढे कोणी हात लावायला तयार होत नाही.

मुलं अडतात ती एकाच जागी. परीक्षानळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लही आहे आणि शिसंही आहे, मग कुठे ओतायचं? नियम एकच ठेवा आणि फळ्यावर लिहा: धातू असेल तर धातूचा डबा, बाकी काही असो. आम्ल नंतर मारता येतं, धातू मारता येत नाही. आम्लाच्या डब्यात फक्त निव्वळ आम्ल जायचं, म्हणजे अनुमापनात उरलेलं किंवा भांडी धुतलेलं. शिसं, तांबं, बेरियम, निकेल, कोबाल्ट यांची द्रावणं, त्यांचे साके, आणि नळीत पाण्याचं पहिलं विसळण, हे सगळं धातूच्या डब्यात. दुसऱ्या विसळणापासून पुढचं पाणी बेसिनमध्ये गेलं तर चालतं. पहिलं विसळण मात्र मुलं हमखास बेसिनमध्ये टाकतात, म्हणून मामांना तिथे उभं करतो आणि ते ‘पहिलं पाणी इकडे’ एवढंच म्हणत राहतात.

धातूच्या डब्यात दोन गोष्टी मिसळू नयेत आणि या दोन्हींसाठी छोटी वेगळी बाटली लागते. एक, क्रोमेट आणि डायक्रोमेट. शिशाच्या खात्रीसाठी पोटॅशियम क्रोमेट घातलेली पिवळ्या साक्याची नळी आणि उरलेलं डायक्रोमेट नारिंगी लेबलाच्या बाटलीत. डब्यातले बाकीचे धातू नंतर सोडा घालून गाळ म्हणून खाली बसवतो, पण हे क्रोमियम सोड्याने खाली बसत नाही. आधी ते आम्लात क्षपण करून हिरवं करावं लागतं, आणि ते काम शाळेने अंगावर घेऊ नये. दुसरी, अमोनिया घातलेलं तांब्याचं गडद निळं द्रावण. एके वर्षी ते धातूच्या डब्यात गेलं होतं. सोडा घातला, रात्रभर ठेवलं, आणि सकाळी वर निवळ पाणी दिसण्याऐवजी तसंच निळंशार द्रव होतं. अमोनिया तांब्याला घट्ट धरून ठेवतो आणि सोडा ते सोडवू शकत नाही. तेव्हापासून निळी बाटली वेगळी असते, आणि ती तशीच्या तशी विल्हेवाटीसाठी पाठवायची असते.

टोलेन्सचं अभिकर्मक कोणत्याच डब्यात उद्यापर्यंत राहता कामा नये. चांदीच्या अमोनियायुक्त द्रावणात ठेवल्यावर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. म्हणून तास संपायच्या आत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते आम्लधर्मी करा, पांढरा साका पडेल, आणि मग धातूच्या डब्यात ओता. हे शिक्षकाने स्वतः करावं.

बॅच झाल्यावर आधी आम्लाचा डबा. समजा पाच लिटर जमलं आणि त्याची तीव्रता अर्ध्या मोलरच्या आसपास आहे. त्यात अडीच मोल आम्ल झालं, आणि त्याला खाण्याचा सोडा साधारण 210 ग्रॅम लागतो. या अभिक्रियेत जवळजवळ साठ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून हे काम रुंद बादलीत, चमच्याचमच्याने, खिडक्या उघड्या ठेवून करायचं आणि झाकण कधीही लावायचं नाही. पूर्ण फेस बसल्यावर पीएच कागद लावा. 5.5 ते 9 च्या दरम्यान रंग आला की ते पाणी बेसिनमध्ये सोडता येतं. आमच्याकडे एकदा सोडा घातल्यावर घाईने झाकण लावलं गेलं आणि दुपारी कॅनचं पोट फुगलेलं दिसलं. झाकण हळूहळू सैल केलं आणि वेळ टळली, पण त्या दिवसानंतर सोडा घातलेला कॅन एक रात्र उघडाच ठेवतो.

धातूच्या डब्याचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं, त्यामुळे त्यासाठी वेगळी दुपार ठेवा. वरच्या वीस मुलांचं शिसं चार लिटरमध्ये जमलं आहे असं धरा. शिसं खाली बसवायला निर्जल सोडियम कार्बोनेट साडेसहा ग्रॅमच्या आसपास पुरतं. पण त्या चार लिटरमध्ये आम्लही असतं, आणि आम्ल 0.2 मोलर असेल तर तेच जवळपास 42 ग्रॅम सोडा खाऊन टाकतं. म्हणून वजनावर विसंबू नका. सोड्याचं द्रावण थोडं थोडं घाला, ढवळा, आणि पीएच 8 ते 9 ला थांबा. कॉस्टिक सोडा हाताशी असला तरी तो वापरू नका. तो थोडा जरी जास्त झाला तर खाली बसलेलं शिसं परत विरघळतं. पांढरा गढूळपणा येतो, तांबं असेल तर हिरवट निळी झाक दिसते. रात्रभर ठेवलं की गाळ तळाशी बसतो. मग वरचं पाणी हलक्या हाताने वेगळ्या कॅनमध्ये ओता आणि गाळ कागदातून गाळा. गाळ पूर्ण वाळवू नका, त्याची धूळ नाकात जाते. ओलसर असतानाच कागदासकट रुंद तोंडाच्या बरणीत भरा. एवढ्या सगळ्यातून हाती येतो तो साधारण पंधरा-सोळा ग्रॅमचा गाळ.

इथे एक चूक मी स्वतः बरीच वर्षं करत होतो. वरच्या निवळ पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब घालायचे, पिवळं आलं नाही की शिसं गेलं असं समजायचं आणि पाणी ओतून द्यायचं. पण लेड आयोडाइड थंड पाण्यात लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास विरघळून राहू शकतं. म्हणजे ही चाचणी शिसं भरपूर असेल तेव्हाच बोलते, आणि आपल्याला लागणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी वर ती गप्प असते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून अहवाल आला तरच ते पाणी सोडा. नाहीतर तोही कॅन गाळाबरोबर पाठवायचा. मग सोडा घालून एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या एका सहकारी बाईंनी विचारलं होतं. त्याचं कारण साधं आहे. विषाचा बहुतेक भाग चार लिटर सांडणाऱ्या आम्लातून निघून एका मुठीएवढ्या न सांडणाऱ्या गाळात येतो.

द्रावकांबद्दल थोडक्यात. अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोल एका बाटलीत चालतं, क्लोरोफॉर्म वेगळ्या बाटलीत. क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन एकत्र आले आणि त्यात अल्कलीचा अंश असला तर मिश्रण जोरात तापतं. नायट्रिक आम्ल तर कोणत्याही द्रावकाच्या जवळही नको. बाटली तीन चतुर्थांशच भरा. मार्चनंतर पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ती ठेवू नका. अ‍ॅसिटोन 56 अंशांनाच उकळतं. ‘उघडं ठेवा, उडून जाईल’ असं म्हणतात, तेही करू नका. ते उडून वर्गातच राहतं.

मग साठवण. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत साठवणुकीची मुदत 90 दिवसांची आहे. फेब्रुवारीतली परीक्षा धरली तर ती मे महिन्यात संपते, आणि आपल्या भागात ते बरंच आहे, कारण पुढे पावसाळा असतो. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. नदीकाठच्या भागात तळमजल्याच्या प्रयोगशाळेतला खालचा कप्पा म्हणजे कचरा नदीला आयता देणं. म्हणून कॅन वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच कट्ट्यावर, आम्ल आणि द्रावक वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या, सोबत किती लिटर आणि किती ग्रॅम काय आहे त्याची यादी जोडा. पुणे जिल्ह्यात रांजणगावला अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचं केंद्र आहे. एका शाळेच्या तीन कॅनसाठी गाडी परवडत नाही, म्हणून शेजारच्या दोन-चार शाळांचा कचरा एकाच फेरीत जाईल का, हे मंडळाला याच पत्रात विचारा. यादीची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि कॅन गेला की त्या ओळीवर रेघ मारून तारीख टाका.