फुटका माल आला तर विक्रेत्याला तक्रार कशी लिहायची

कैरीचा सीझन सुरू झाला की इंदूरला आमच्या रामबागेत कोणाकडे ना कोणाकडे ऑनलाइन मागवलेली बरणी फुटून येते आणि मग फोन मला येतो, कारण असल्या तक्रारी मी खूप लिहिल्यात, घरच्याही आणि शेजारपाजारच्याही. लोक सल्ला देतात की चांगलं झापा त्यांना, पुन्हा हिंमत होणार नाही. झापून पैसे आलेले मी तरी अजून बघितले नाहीत. ह्या मे महिन्यातली माझीच तक्रार घेऊन सांगते.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ, लेबलचा फोटो, बिल, हे सगळं तुम्ही ठेवलंच असेल असं धरून चालते. रिटर्नची मुदत ऑर्डरच्या पानावर त्याच दिवशी बघून घ्या आणि ॲपमध्ये रिटर्नची रिक्वेस्टही त्याच दिवशी टाका. "उद्या बघू" म्हणायचं नाही.

खरी मेहनत आहे ती नुकसान मोजण्यात, आणि मी इथेच एकदा सपशेल आपटले. काही वर्षांपूर्वी डिनर सेट आला होता, अर्ध्या प्लेट फुटलेल्या, मी संतापून दीड पान लिहिलं, लाज वाटत नाही का, लोकांना फसवता वगैरे, आणि त्या दीड पानात किती प्लेट फुटल्या, किती वाट्या फुटल्या हे कुठेच नव्हतं. चार दिवसांनी उत्तर आलं की नेमकं काय तुटलंय ते कळवा, आणि तोपर्यंत रिटर्नची मुदत संपलेली. पलीकडे बसून जो ते वाचतो त्याला पुढे नोंद करायची असते, कोणता नग, काय झालंय, फोटो कुठला. ते मिळालं नाही तर त्याला वेळ काढायला तुम्हीच कारण देता.

आणि "फसवणूक" हा शब्द तर लिहूच नका. फसवणूक म्हटलं की त्याने मुद्दाम केलं हे तुम्हाला दाखवावं लागतं, ते घरबसल्या कसं दाखवणार? माल फुटका आला हे मात्र फोटोच दाखवतो. उद्या प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर हाच मेल तिथे जोडायचाय, तेव्हा त्यात असं एकही वाक्य नको जे वाचताना आपल्याला अवघड वाटेल.

मी सहा बरण्यांचा सेट मागवला होता, प्रत्येकी दोन लिटरच्या, चिनी मातीच्या, खुर्ज्याहून, २३४० रुपये. दोन सरळ फुटलेल्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या चार दिसायला चांगल्या होत्या आणि बहुतेक लोक इथेच थांबतात आणि "दोन फुटल्या" असं लिहून मोकळे होतात. असं करू नका. प्रत्येक बरणी रिकामी करून हातात धरायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. धड बरणी टणकन वाजते आणि आवाज थोडा रेंगाळतो, तडा गेलेली बद्द वाजते. माझी तिसरी बद्द वाजली. उजेडात फिरवून बघितलं तर तोंडापासून खाली केसासारखी रेघ. मग तिच्यात पाणी भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवली, सकाळी खालचा कागद ओला होता. त्या ओल्या कागदासकट फोटो काढला, आणि त्या एका फोटोपुढे कोणी वाद घातला नाही. चौथीची बरणी धड होती पण झाकणाच्या कडेचा टवका उडालेला, झाकण नीट बसतच नव्हतं, आणि लोणच्याच्या बरणीला झाकण बसत नसेल तर ती काय कामाची.

प्रत्येक नगाला चिठ्ठी चिकटवून आकडा टाका, फोटोत तो आकडा दिसला पाहिजे, आणि पत्रात तोच आकडा घ्या. पत्र मी हिंदीत पाठवलं, कारण खुर्ज्याच्या माणसाला मराठी कुठून येणार, इथे मराठीत देते:

"ऑर्डर क्रमांक अमुक, ११ मे रोजी दिलेली, १६ मे रोजी मिळाली. सहा बरण्यांचा सेट, भरलेली रक्कम २३४० रुपये, म्हणजे प्रत्येक बरणी झाकणासह ३९० रुपये.
१. बरणीची मान तुटली आहे. फोटो १.
२. बुडाचे तीन तुकडे झाले आहेत. फोटो २.
३. तोंडापासून सुमारे ७ सेंटिमीटर तडा आहे, पाणी झिरपते. फोटो ३ आणि ४.
४. झाकणाच्या कडेचा सुमारे २ सेंटिमीटर टवका उडाला आहे, झाकण बसत नाही. फोटो ५.
५ आणि ६ चांगल्या आहेत.
या चार नगांचे १५६० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत, किंवा चार नवे नग पाठवावेत. २४ मेपर्यंत यापैकी काय करणार ते लेखी कळवावे. खराब नग आपण घेऊन जाऊ शकता."

एवढंच. पाच आणि सहा चांगल्या आहेत हे लिहायला लोकांना जिवावर येतं, पण ते लिहाच, त्यानेच बाकीच्या चारांवर विश्वास बसतो. आणि मागणीत आकडा हवा, तारीख हवी. "योग्य ती कारवाई करावी" असं लिहिलंत तर योग्य काय ते तेच ठरवणार.

दोन दिवसांनी उत्तर आलं, ३०० रुपयांचं कूपन घ्या, सेट असल्यामुळे सुटे नग बदलत नाही. ह्यावर पुन्हा भलंमोठं पत्र लिहायचं नाही. मी लिहिलं, "कूपन नको. सुटे नग बदलता येत नसतील तर पूर्ण सेट परत घ्या आणि २३४० रुपये परत करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही." ह्याच नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं, म्हणून पोच आली की तिकीट नंबर जपून ठेवा. कूपन मात्र "तात्पुरतं" म्हणूनसुद्धा घेऊ नका, घेतलंत की तक्रार मिटली अशी नोंद होते.

माझे १५६० रुपये २७ तारखेला आले. नसते आले तर हेच पत्र जसंच्या तसं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला दिलं असतं, नंबर १९१५, तिथे हिंदीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, खुर्ज्याला जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

फुटके तुकडे पैसे खात्यात दिसेपर्यंत टाकू नका. माझ्याकडे पिकअपचा मुलगा पैसे येण्याच्या आदल्या दिवशी आला, चारही नग आणि सगळे तुकडे मोजून त्याच्याकडे दिले, आणि पिकअपची पावती हातात आल्यावरच खोकं सोडलं.