बेरीज नव्या ओळीला का विसरली?

एक्सेलमधल्या खर्चाच्या यादीत विम्याची नवी ओळ घातलीस, तरी बेरीज तेवढीच राहिली, ना? अरे, तुझी बेरीज चुकली नाहीये, तिला नवी ओळ दिसलीच नाही. बेरजेच्या खान्यावर डबल क्लिक कर. रंगीत चौकट B11 लाच थांबते बघ.

```
=SUM(B2:B11)
```

विम्याची ओळ तू बेरजेच्या लगेच वर घातलीस, म्हणजे B12 मध्ये. ती B2 ते B11 या पट्ट्याच्या बाहेर पडली. हीच ओळ मधे कुठेही घातली असतीस, तर पट्टा आपोआप ताणला गेला असता. कधीकधी एक्सेल स्वतःहून शेवटची ओळ पकडतं, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता आधी बेरीज B14 मध्ये सरकव आणि मग सूत्रातल्या B11 चं B13 कर. B13 रिकामीच ठेव, हवं तर राखाडी रंग दे. यापुढे नवा खर्च त्या राखाडी ओळीच्या वर घालायचा.