काट्याच्या पावत्या आणि ९६ गुणांची चूक

ऊस वाहतुकीच्या वजनकाटा पावत्या स्कॅन करून टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमने गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन काढतो. प्रत्येक शब्दाला तो ० ते १०० मध्ये खात्री देतो, म्हणून मी ८० च्या खालचं तेवढं माणसाकडे पाठवत होतो. तरी एका गाडीचं रिकामं वजन ६,१२० ऐवजी ६,७२० लागलं. खात्री चक्क ९६! डॉट मॅट्रिक्सच्या फिकट छपाईत १ चा ७ झाला होता. आकार ओळखीचा वाटला की तो बिनधास्त असतो, वजन बरोबर आहे का हे त्याला कुठून कळणार?

मग पावतीचंच गणित कामाला लावलं:

```python
flag = min(confs) < 80 or gross - tare != net
```

१८,४६० वजा ६,७२० म्हणजे ११,७४०, पावतीवर १२,३४०. ६०० किलोंचा फरक, खूण लागली. चूक तिन्हींपैकी कुठल्या वजनात हे गणित सांगत नाही, म्हणून तिन्ही वजनं माणसाच्या तपासणीच्या रांगेत जातात. सरासरीऐवजी `min` घेतला, कारण एक डळमळीत आकडा सरासरीत लपतो.

रांगेत आधी वाचलेला आकडा भरून दाखवायचो. आमचे काका न बघता एंटर मारत सुटले (दिवसभर तेच केल्यावर कोणीही मारेल). आता फक्त आकड्याचा कापलेला फोटो आणि रिकामा चौकोन दिसतो. टाइप केलेलं टेसरॅक्टच्या आकड्याशी जुळलं नाही तरच दुसरा माणूस बघतो.

बिनखुणेच्या पावत्यांतल्याही शंभरात दोन मुद्दाम रांगेत टाकतो. गाडी नंबरला पडताळायला गणित नाही, तिथल्या चुका अशाच सापडतात.