टेस्ट गेस्टसाठी जास्त रॅमचा लॅपटॉप मागणारं पत्र कसं लिहावं

‘लॅपटॉप स्लो आहे, नवीन द्यावा’ असं पत्र पाठवू नका. नागपूरच्या ऑफिसात अशी पत्रं आली की आयटीवाला एकच उत्तर देतो, फॉरमॅट मारून पाहा. तुमचं काम रॅममुळेच अडतंय हे पत्रातून दिसलं पाहिजे. विषय, तारीख, नमस्कार हे तुम्हाला येतंच, म्हणून सरळ मोजमापावर येतो. मलाही बरेच दिवस नडलं ते हेच.

उदाहरण धरू जिनिंगच्या सॉफ्टवेअरचं. काट्यावर कापसाची गाडी येते, पावती निघते, बिल होतं. हे तपासायला तीन गेस्ट, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारी तीन व्हर्च्युअल मशीन, एकाच वेळी चालू लागतात: डेटाबेसचा ४ जीबी, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा २ जीबी आणि काउंटरवरच्या विंडोज ११ चा ६ जीबी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण तेवढ्यात आपलं सॉफ्टवेअर धड तपासून होत नाही. झाले १२. एडिटर, ब्राउझर आणि मीटिंग धरून लॅपटॉपला स्वतःला ६ लागतात. एकूण १८, आणि हाती आहे १६ जीबीची मशीन.

आता पुरावा. तिन्ही गेस्ट चालू ठेवून नेहमीची टेस्ट लावा आणि लॅपटॉपच्या लिनक्सवर, गेस्टच्या आत नव्हे, हे चालवा:

```
free -h
vmstat 5
```

पहिल्या कमांडमध्ये `free` नावाचा रकाना दाखवून रडणारी पत्रं मी खूप पाहिली. तो आकडा लहान असणं लिनक्समध्ये नेहमीचंच आहे, कारण रिकामी रॅम तो फायलींच्या कॅशसाठी वापरतो. जाणकार माणूस तिथेच पत्र बाजूला ठेवतो. बघायचा तो `available`. दुसऱ्या कमांडमध्ये `si` आणि `so` बघा; पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. गेस्ट सुरू होताना `so` थोडा वेळ उसळला तर तो पुरावा नाही. टेस्ट चालू असताना दोन्ही आकडे ओळीमागून ओळ शून्याच्या वरच राहिले, तर रॅममधला मजकूर डिस्कवर जातोय आणि लगेच परत आणावा लागतोय, म्हणजेच स्वॅप चालू आहे. हे आउटपुट पत्राला जोडा.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र कुठल्याच सल्ल्यात नसते. मे महिन्यात दुपारी दोनला, पारा ४५ च्या आसपास असताना मोजलं तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. मशीन रेंगाळते, पण त्यामुळे `si` आणि `so` वाढत नाहीत. त्याला जास्त रॅम हे औषधच नाही. म्हणून सकाळी, हवा थंड असताना मोजा आणि वेळ पत्रात लिहा. सकाळीही स्वॅप चालूच असेल तर तुमचं म्हणणं पक्कं.

‘गेस्टची रॅम कमी करून पाहा’ असं ऑफिस म्हणणारच, तर आधीच करून पाहा आणि काय बिघडलं ते एका ओळीत लिहा. ‘क्लाउडवर चालवा’ यालाही उत्तर हवं. गावात लाईट गेली की वायफाय जातं, टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईलची रेंजही जाते; लॅपटॉपवरचे गेस्ट बॅटरीवर चालू राहतात. डेस्कटॉप न मागता लॅपटॉप मागण्याचं कारणही हेच.

किती मागायची? ३२. अपग्रेडच्या चाचणीला जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी लागते, म्हणजे आणखी एक विंडोज गेस्ट: १८ आणि ६ मिळून २४. वर थोडी मोकळीक हवी. ६४ मागू नका, हिशोबच लागणार नाही.

मजकूर असा:

> आदरणीय सर,
> काटा-पावतीच्या चाचणीसाठी तीन गेस्ट एकत्र चालवावे लागतात. त्यांना १२ जीबी व लॅपटॉपला ६ जीबी, अशी १८ जीबी रॅम लागते. सध्या १६ आहे. सकाळी घेतलेलं मोजमाप सोबत जोडलं आहे, त्यात चाचणीभर स्वॅप चालू दिसतो. विंडोज गेस्ट ४ जीबीवर आणून पाहिला, तेव्हा पावतीची स्क्रीन वेळेत उघडली नाही. अपग्रेड चाचणीसाठी २४ जीबी लागेल. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी नवी आवृत्ती द्यायची असल्याने ३२ जीबीचा लॅपटॉप मिळावा, ही विनंती. आहे त्याच लॅपटॉपची रॅम वाढवता येत असेल तर तेही चालेल.

शेवटचं वाक्य गाळू नका, पण लिहिण्याआधी तपासा. `sudo dmidecode -t memory` मध्ये `Form Factor` पुढे `SODIMM` दिसलं तर बहुधा रॅमची पट्टी बदलता येते. `Row Of Chips` असेल तर रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. काही मशीन इथे चुकीची माहिती देतात, म्हणून मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खात्री करा. रॅम चिकटवलेली निघाली तर त्या वाक्याऐवजी ‘या लॅपटॉपची रॅम वाढत नाही’ असं लिहा.