कच्ची कॉफी साठवताना या चुका टाळा: वाळवणीतली घाई पावसाळ्यात बाहेर येते

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मला तेच फोन येतात. "मार्चमध्ये घेतलेली कॉफी तेव्हा काय सुंदर लागत होती, आता पुठ्ठा चघळल्यासारखी लागते. भाजण्यात काही बदल करू का?" भाजण्यात बदल करून काही होत नाही. दोष भट्टीत नसतो. एक तर तो फेब्रुवारीत मळ्यातल्या वाळवणीच्या यार्डवर झालेला असतो, नाही तर जूनमध्ये तुमच्या कोठारात. मी पुण्यात कॉफी भाजते आणि दाणे चिक्कमगळूर आणि कोडगूहून आणते. गेली काही वर्षं या एकाच गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडं दाण्याबद्दल. न भाजलेला कॉफीचा दाणा हे बी आहे आणि नीट वाळवलं तर ते बरेच महिने जिवंत राहतं. त्याच्या पेशींमध्ये तेलाचे बारीक थेंब पडद्यांत बांधलेले असतात. पडदे शाबूत आणि ओल बेताची असेल तर हे बी जवळजवळ झोपून असतं. ओल वाढली की ते श्वास घेऊ लागतं, साखर खर्च होते, तेलाचं विघटन होऊन ते खवट व्हायला लागतं. पहिल्यांदा आंबटगोड तजेला जातो, मग गोडवा, आणि शेवटी कागद, गोणपाट, वाळकं लाकूड असे वास उरतात. दाण्याचा निळसर हिरवा रंगही कडेपासून पांढुरका होत जातो. म्हणून निर्यातीच्या आणि स्पेशालिटी, म्हणजे निवडक उच्च दर्जाच्या कॉफीच्या व्यवहारात १० ते १२ टक्के ओल धरतात. साडेबाराच्या वरचा माल मी घेत नाही.

मीटरवरच्या एका आकड्यावर विश्वास ठेवणं

ही माझ्या सगळ्यात जिवावर आलेली चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

एका वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी एका मळ्यातून मी धुतलेल्या, म्हणजे गर काढून धुऊन वाळवलेल्या अरेबिकाच्या दोन लॉटच्या चार-चार गोण्या घेतल्या. तोडणी एकाच आठवड्यातली, झाडं एकाच उताराची. पहिला लॉट जाळीच्या उंच टेबलांवर अकरा दिवस वाळला होता. दुसऱ्याच्या वेळी ढग आले, अवकाळी पावसाचा अंदाज होता, म्हणून अर्धवट वाळलेलं पार्चमेंट (दाण्यावरच्या कडक टरफलासकट असलेली कॉफी) ड्रायरमध्ये घालून दोन दिवसांत संपवलं. मी पोचले तेव्हा दोन्ही लॉट तयार होते. ओल मोजायचा मीटर पहिल्यावर ११.२ टक्के दाखवत होता, दुसऱ्यावर १०.८. चवीला दोन्ही छान: लिंबाचा तजेला, मागून गुळासारखा गोडवा. दुसरा लॉट थोडा स्वस्त होता, तोही घेतला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ड्रायरचा लॉट चाखला तर लिंबू गायब. जुलैत ओल्या पोत्याचा वास. टेबलावरचा लॉट त्याच कोठारात, गोणीच्या आत तशाच हवाबंद लायनरमध्ये होता आणि ऑक्टोबरमध्येही चांगला लागत होता.

तेव्हा मी ब्लेडने दाणे मधोमध कापले. टेबलावरच्या लॉटचा दाणा आतपर्यंत एकसारख्या रंगाचा होता. ड्रायरच्या दाण्यात कडेला फिकट पट्टी आणि मध्ये गडद, काचेसारखा हिरवा गाभा दिसला. मार्चमध्ये बाजूला ठेवलेल्या नमुन्याची बरणी काढून पुन्हा मीटर लावला. १०.८ नव्हे, १२.३.

मळ्याच्या मॅनेजरना फोन केला. "ड्रायरचं तापमान किती ठेवलं होतं?" ते सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, पंचावन्न-साठ असेल. ढग होते, जागा हवी होती."

गोम इथेच आहे. गरम हवेने दाण्याचा बाहेरचा थर झटपट वाळून कडक होतो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते. मीटरला बाहेरचा थर जास्त कळतो, म्हणून आकडा कमी येतो. दोन-तीन आठवड्यांनी आतलं पाणी हळूहळू पसरतं आणि खरी ओल दिसते. शिवाय साठच्या आसपासच्या तापमानाला पेशींचे पडदे फुटतात आणि तेल मोकळं होतं. ब्राझीलमध्ये लाव्रास विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवलं आहे. असा दाणा नंतर ओल बरोबर आली तरी लवकर जुना होतो. पार्चमेंटला दाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, हा नियम त्यासाठीच आहे.

ड्रायर वाईट नाही, हेही सांगते. पावसाळी हवेत ड्रायर नसेल तर बुरशी येते आणि ते फार वाईट. हवा ४० अंशांवर ठेवा आणि मध्येच काही तास ड्रायर बंद करून दाण्याला विसावू द्या, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या थरात येतं. पण त्यासाठी वेळ लागतो आणि तोच कुणाला द्यायचा नसतो. सुरुवातीचं मोकळं पाणी झटपट जातं. शेवटचे चौदाहून अकरावर यायचे तीन टक्केच सगळ्यात सावकाश जायला हवेत, आणि लोक नेमके तेव्हा उन्हात पातळ पसरून दुपारी बाराला भाजून काढतात. मी ज्यांच्याकडून घेते त्यांना भर दुपारी वर शेडनेट ओढायला आणि संध्याकाळी ढीग करून झाकायला सांगते. कुरडया वाळवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. कडक उन्हात आणि वाऱ्यात घाई केली तर त्या वरून तडकतात आणि आतून ओल्या राहतात.

माझी आताची सवय: यार्डवरून उचललेला नमुना आधी सावलीत थंड करते, कारण गरम दाण्यावर मीटर चुकतो. तो बरणीत बंद करून दोन आठवडे ठेवते, मग पुन्हा मोजते. दोन आकड्यांत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला तर घेत नाही. शिवाय एक मूठ दाणे एकेक करून दाताखाली धरते. ज्वारी वाळली का ते आपल्याकडे असंच बघतात. दात पडला की ओलं, टचकन फुटलं की जास्त वाळलेलं, हलकी खूण उमटली की बरोबर. मिसळलेल्या लॉटमध्ये मीटरचा ११ हा आकडा ९ आणि १३ ची सरासरी असू शकतो. ते मीटर सांगत नाही, दात सांगतात.

फळासकट वाळवलेल्या कॉफीत, म्हणजे चेरीत, हा धोका दुप्पट असतो. जाड साल पाणी धरून ठेवते आणि वाळायला तीन-चार आठवडेही लागतात. कच्ची, पिकलेली, अर्धी वाळलेली फळं एकत्र असतील तर लॉट कधीच एकसारखा वाळत नाही.

तागाच्या गोणीत पावसाळा काढणं

दाणा हवेशी बोलत असतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असेल तर तो अकरा-बारा टक्क्यांवर थांबतो. पुण्यात जुलैत किंवा कोकणात पूर्ण पावसाळाभर हवा ऐंशीच्या वर असते आणि उघड्या गोणीतला दाणा पंधराकडे सरकू लागतो. कोठारात गळती नाही, म्हणजे माल कोरडा, असं समजू नका.

हे बघायला मीटरही लागत नाही. गोणी तोला. साठ किलोची गोणी ११.५ टक्क्यांवर आली, तर तिच्यात कोरडा पदार्थ ५३.१ किलो. तो वाढत नाही. ऑगस्टमध्ये तीच गोणी (पोत्याचं वजन वजा करून) ६१.७ किलो भरली, तर वाढलेलं सगळं पाणी आहे आणि ओल १४ टक्क्यांवर गेली आहे. मी मेच्या शेवटी प्रत्येक गोणीवर मार्करने वजन लिहिते आणि दर पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवते. तीनशे ग्रॅम वाढले तरी ती गोणी आधी भाजायला काढते.

गोणीच्या आत जाड हवाबंद लायनर घाला, तोंड पिळून दुमडून बांधा, गोणी लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पण साडेबाराच्या वरचा माल लायनरमध्ये बांधू नका. बाहेरची ओल थांबवणारी पिशवी आतलीही थांबवते, आणि बुरशी आतून येते.

ओल बरोबर, तरी चव गेली?

दोन लॉट दोन्ही साडेअकरावर असतात, पण एकात पाणी दाण्याला घट्ट बांधलेलं असतं, दुसऱ्यात मोकळं. मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. तिचं यंत्र महाग आहे. मी घरगुती उपाय करते: काचेची बरणी पाऊण भरून दाणे घालायचे, वर छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवायचा, झाकण घट्ट लावून खोलीत एक दिवस ठेवायचं. आकडा ५५ ते ६० आला तर वॉटर ॲक्टिव्हिटी ०.५५ ते ०.६०, म्हणजे निवांत. ६५ च्या वर गेला तर तो लॉट दसऱ्यापर्यंत ठेवू नका. ७० च्या वर बुरशीचा धोका सुरू होतो. हायग्रोमीटर तपासायला त्याच्यासोबत बंद बरणीत ओल्या मिठाचा वाटीभर लगदा ठेवा. ७५ दाखवायला हवा. नाही दाखवला तर फरक लिहून ठेवा आणि तेवढा वजाबेरीज करा. त्या ड्रायरच्या लॉटवर ही युक्ती नंतर केली, तेव्हा बरणीत ६६ आला. मार्चमध्ये केली असती तर चार गोण्या वाचल्या असत्या.

आणखी काही, थोडक्यात

नऊच्या खाली वाळवलेली कॉफी "जास्त टिकेल" हा गैरसमज आहे. दाणा ठिसूळ होतो, टरफल काढताना फुटतो, आणि चव आधीच उतरलेली असते.

टरफल वेळेआधी काढून घेऊ नका. पार्चमेंटमध्ये महिना-दोन महिने विसावलेला दाणा एकसारखा होतो आणि जास्त टिकतो.

मसाल्याच्या, कांद्याच्या कोठारात कॉफी ठेवू नका. ती वास ओढून घेते.

फ्रीजमध्ये उघडी पिशवी ठेवू नका. बाहेर काढली की थंड दाण्यावर पाणी धरतं. फ्रीझरमध्ये ठेवायचीच तर लहान हवाबंद पाकिटं करा आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

ओल लागलेल्या मालाला "मॉन्सून्ड" म्हणून विकू नका. मॉन्सून्ड मलबार मंगळूर किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर मुद्दाम पसरून, उलथून, पुन्हा गोण्यांत भरून, निवडून, परत वाळवून करतात. दाणा फुगून सोनेरी होतो आणि आंबटपणा जातो, तो ठरवून. कोठारात भिजलेल्या गोणीला तो वास आणि ती चव येत नाही.

चव गेलेली गोणी पुन्हा उन्हात घालायचा मोह आवरा. पाणी जाईल, पण खवटलेलं तेल आणि संपलेली साखर परत येणार नाही. बुरशीचा वास असेल तर टाकून द्या. फक्त चव उतरली असेल तर मी ती मध्यम-गडद भाजून चिकोरी घातलेल्या फिल्टर कॉफीच्या मिश्रणात पाव हिस्सा वापरते आणि गणपतीच्या आत संपवते. त्या चार गोण्या तशाच संपल्या.