क्लायंटने जास्तीचं काम मागितलं तर मेल असा लिहा
वेबसाइटचं काम 5 पानांचं ठरलेलं असतं आणि चौथ्या आठवड्यात मेल येतो, "जरा ऑनलाइन पेमेंटपण टाका ना, छोटंसंच काम आहे." अशा वेळी नुसतं "जमणार नाही" लिहू नका, आणि "बघतो" तर अजिबात नको, कारण समोरचा ते हो धरून चालतो आणि मग डेडलाइनच्या दिवशी वाद होतो. त्याच दिवशी उत्तर द्या, साधारण असं:

"सर, पेमेंटची कल्पना चांगली आहे, ग्राहकांची सोय होईल. आपल्या 3 तारखेच्या कोटेशनमध्ये 5 पानं आणि संपर्क फॉर्म आहे, त्यामुळे पेमेंट या कामात बसणार नाही. आत्ता घेतलं तर 20 तारखेचं लाँच पुढे जाईल. लाँचनंतर वेगळं काम म्हणून करू, हवं असल्यास सोमवारपर्यंत कोटेशन पाठवतो."

कोटेशनची तारीख नक्की टाका, म्हणजे नकार तुमच्या मूडचा वाटत नाही, ठरलेल्या कागदाचा वाटतो. माफी मात्र दोनदा-तीनदा मागू नका, त्याने आपलीच चूक असल्यासारखं दिसतं. फोनवर बोलणं झालं असेल तरी हा मेल पाठवाच.