छापील हजेरीपटावरून महिन्याचा हजेरी तक्ता कसा करावा

छापील हजेरीपट स्प्रेडशीटमध्ये उतरवताना सूत्रे सहसा त्रास देत नाहीत. चूक होते ती नजर एका ओळीने खाली घसरल्यामुळे, आणि अशी चूक बेरजेतही लपून राहते. म्हणून तक्ता मांडतानाच पडताळणीची सोय करून ठेवावी. येथे एप्रिल २०२६ या महिन्याचा, अठरा नावांचा आणि रविवारी सुट्टी असलेला हजेरीपट उदाहरणादाखल घेतला आहे.

प्रथम खुणा ठरवाव्यात. छापील पटावर टिंब, बरोबरची खूण, आद्याक्षरे, लाल रेघ असे बरेच काही असते. त्या सर्वांचे रूपांतर पाच अक्षरांत करावे: ह (हजर), अ (अर्धा दिवस), ग (गैरहजर), र (रजा) आणि स (सुट्टी). अर्ध्या दिवसासाठी 1/2 असे टंकित करण्याचा मोह टाळावा, कारण स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. पटावरचा रिकामा चौकोन म्हणजे गैरहजेरी असे परस्पर गृहीत धरू नये; तो तक्त्यातही रिकामाच ठेवावा आणि ज्याने पट भरला त्याला विचारून मगच भरावा.

A स्तंभात अनुक्रमांक आणि B स्तंभात नावे चौथ्या ओळीपासून एकविसाव्या ओळीपर्यंत, पटावरच्याच क्रमाने लिहावीत. वर्णानुक्रम लावायचा असेल तर तो सगळी पडताळणी झाल्यावर लावावा. B1 मध्ये महिन्याची पहिली तारीख भरावी, C2 मध्ये `=B1` लिहावे आणि D2 मध्ये पुढील सूत्र लिहून ते AG2 पर्यंत ओढावे.

```
=IF(C2="","",IF(MONTH(C2+1)=MONTH($B$1),C2+1,""))
```

एप्रिलचे दिवस तीसच असल्याने AG2 आपोआप कोरा राहतो. या ओळीला `d` हे स्वरूप द्यावे, म्हणजे फक्त तारखेचा आकडा दिसेल. C3 मध्ये `=C2` लिहून तेही AG3 पर्यंत ओढावे आणि त्या ओळीला `ddd` स्वरूप द्यावे, म्हणजे वार दिसतील. ५, १२, १९ आणि २६ तारखेखाली रविवार आला की मांडणी जुळली असे समजावे आणि त्या चार स्तंभांत लगेच स भरून टाकावा.

बेरजांसाठी AH2 ते AL2 मध्ये ह, अ, ग, र, स ही अक्षरेच शीर्षक म्हणून लिहावीत. त्यामुळे AH4 मधले एकच सूत्र उजवीकडे AL पर्यंत आणि खाली एकविसाव्या ओळीपर्यंत ओढता येते. त्यापुढे AM4 मध्ये एकूण हजेरी आणि AN4 मध्ये पडताळणी येते; ही दोन्ही सूत्रेही एकविसाव्या ओळीपर्यंत खाली ओढावीत. C22 मध्ये त्या दिवसाची हजेरी येते; ते सूत्र उजवीकडे AG22 पर्यंत ओढावे.

```
AH4: =COUNTIF($C4:$AG4,AH$2)
AM4: =AH4+AI4/2
AN4: =DAY(EOMONTH($B$1,0))-SUM(AH4:AL4)
C22: =COUNTIF(C$4:C$21,"ह")+COUNTIF(C$4:C$21,"अ")/2
```

समजा, एखाद्याचे ह २२, अ १, ग १, र २ आणि स ४ आले. बेरीज ३० होते, AN मध्ये शून्य दिसते आणि एकूण हजेरी २२.५ निघते. शून्याऐवजी १ दिसला तर एखादा चौकोन रिकामा राहिला आहे किंवा ‘ह’ नंतर स्पेस पडली आहे. ही दुसरी चूक डोळ्यांना मुळीच दिसत नाही, कारण चौकोनात ह तर असतोच. पण COUNTIF त्याला मोजत नाही.

नोंदी भरताना व्यक्तीमागून व्यक्ती घेण्यापेक्षा तारखेमागून तारीख घ्यावी, असे माझे मत आहे. पटावर त्या तारखेच्या स्तंभाशेजारी पट्टी उभी धरावी, वरून खाली भरत जावे आणि तळाशी लिहिलेली त्या दिवसाची बेरीज C22 च्या ओळीतील आकड्याशी लगेच ताडून पाहावी. १४ तारखेला पटावर १६ आणि तक्त्यात १५ आले, तर चूक त्याच अठरा चौकोनांत शोधायची असते; महिनाअखेरीस तीच पाचशे चाळीस चौकोनांत शोधावी लागते. ताडण्याआधी एवढे मात्र पाहावे, की पटाच्या तळाशी अर्धा दिवस पूर्ण धरला आहे की अर्धा.

तरीही स्तंभाची बेरीज जुळली म्हणजे काम संपले असे नाही. सातव्या नावाची गैरहजेरी आठव्याच्या आणि आठव्याची हजेरी सातव्याच्या ओळीत गेली, तर त्या दिवसाची बेरीज तितकीच राहते, आणि AN मध्येही दोघांपुढे शून्यच दिसते. ही अदलाबदल फक्त आडव्या बेरजेत सापडते: एकाचा AM पटाच्या उजव्या कडेच्या आकड्यापेक्षा एकाने जास्त आणि लगतच्याचा एकाने कमी असेल, तर त्या दोन ओळी पटाशेजारी ठेवून पुन्हा वाचाव्यात. महिन्याच्या मध्ये रुजू झालेल्या व्यक्तीच्या आधीच्या दिवसांत ग न भरता आडवी रेघ टाकावी. तिच्यापुरता AN शून्य येणार नाही, तर जितक्या रेघा तितकाच आकडा दाखवील.

शेवटी AM4 ते AM21 यांची बेरीज आणि बाविसाव्या ओळीची C ते AG ही बेरीज एकच येते का, ते पाहावे. मग C4 वर थांबून वरच्या ओळी आणि डावीकडचे दोन स्तंभ गोठवावेत, आणि छापताना कागद आडवा ठेवून रुंदी एका पानात बसवावी.